परीक्षकांच्या अहवालातच असतात व्हायवाचे प्रश्न

पीएचडीच्या ओपन व्हायवाची तारीख लागली की बहुतेक संशोधक प्रबंध पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसतात. त्याआधी वाचायला हवेत ते बाह्य परीक्षकांचे अहवाल. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार गाइडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात, दोघांनी तो स्वीकारण्याची शिफारस केली तरच व्हायवा होते आणि त्यांच्यापैकी किमान एक जण व्हायवाच्या मंडळावर असतो. म्हणजे समोर बसलेल्या माणसाने आपल्या शंका आधीच कागदावर उतरवलेल्या असतात. गाइडकडून ते अहवाल मिळवावेत आणि त्यातलं प्रत्येक टीकेचं वाक्य प्रश्नाच्या रूपात लिहून काढावं.

समजा, एखाद्या संशोधिकेचा प्रबंध सोलापूर जिल्ह्यातल्या ठिबक सिंचन करणाऱ्या ऊस उत्पादकांवर आहे. ठिबकवाल्यांचं उत्पन्न जास्त, असा तिचा निष्कर्ष. अहवालात एकच ओळ आहे: ‘कार्यकारणभाव पुरेसा सिद्ध होत नाही.’ व्हायवात ती ओळ अशी येणार: ठिबकमुळे उत्पन्न वाढलं, की मुळात ज्यांची ऐपत होती त्यांनीच ठिबक बसवलं?

इथे घाबरलेला उमेदवार ठिबकच्या इतिहासापासून सुरुवात करतो, मग अनुदान योजनेकडे वळतो. परीक्षकाला हवं ते येतच नाही आणि त्या भरकटलेल्या बोलण्यातून चार नवे प्रश्न निघतात, तेही तयारी नसलेल्या विषयावरचे.

तयारी असेल तर उत्तर असं येईल: “फक्त ठिबकमुळे वाढलं, असं माझ्या आकडेवारीवरून म्हणता येत नाही. सारखीच जमीन असलेल्यांची तुलना केली तरी फरक उरतो, तो चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यात आहे. शेतकऱ्यांची कर्ज मिळवण्याची क्षमता मात्र मी मोजलेली नाही.” एवढं बोलून थांबायचं. आधी थेट उत्तर, मग पुरावा कुठे आहे ते आणि शेवटी मर्यादा. अर्ध्या मिनिटात होतं. परीक्षकाला आणखी हवं असेल तर तो विचारतोच.

सगळ्यात अवघड असतं ते हे थांबणं. समोरची शांतता असह्य होते आणि उमेदवार आपणहून मर्यादेचं समर्थन करू लागतो. म्हणून उत्तरं मनात घोकण्यापेक्षा मोठ्याने बोलून पाहावीत, तीही शक्यतो दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्यासमोर. विषय माहीत नसलेला माणूस ‘हीच चार गावं का निवडली?’ असा साधा प्रश्न विचारतो. ‘जवळ होती म्हणून’ हे खरं कारण असेल, तर तसं सांगावं आणि त्यामुळे निष्कर्ष कुठपर्यंत लागू होतो, हेही जोडावं. नमुना सोयीने निवडलेला होता, हे प्रबंधात छापलेलंच असतं आणि परीक्षकाने त्या पानाला बहुधा खूण केलेली असते.