थकवा उतरवणारा व्यायाम किती हलका असावा?

दमवणाऱ्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी नुसते बसून न राहता शरीर अगदी हलके हलते ठेवणे, याला ॲक्टिव्ह रिकव्हरी म्हणतात. या दिवशी तंदुरुस्ती वाढवायची नसते, आदल्या दिवसाचा थकवा उतरू द्यायचा असतो. त्यामुळे व्यायाम कोणता यापेक्षा तो किती जोराने केला, हे महत्त्वाचे. सपाट रस्त्यावरची संथ सायकल यात बसते. तीच सायकल चढावर घातली की बसत नाही.

पायांत साठलेले लॅक्टिक ॲसिड निघून जावे म्हणून हे करतात, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. व्यायामात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप उतरते. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते मुख्यतः स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे, आणि हे दुखणे 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवते. हलक्या हालचालीने रक्ताभिसरण वाढते, आखडलेपण काही वेळ कमी होते. इजा मात्र झोप, जेवण आणि वेळ यांनीच भरते. म्हणूनच या दिवसाच्या व्यायामाने तिच्यात भर पडता कामा नये.

समजा, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतरासाठी तयारी करणारा चाळिशीचा एक धावपटू रविवारी 18 किलोमीटर धावला. 220 मधून वय वजा केले की त्याचे कमाल हृदयठोके मिनिटाला 180 येतात. हा अंदाजच; प्रत्यक्ष आकडा दहाबारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो. सोमवारी त्याने या कमाल आकड्याच्या साधारण 60 टक्क्यांच्या आत, म्हणजे 108 च्या आसपास राहायचे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. हौशी धावपटूचे ठोके अगदी संथ जॉगिंगमध्येही 130 च्या वर जातात, दमट हवेत आणखी चढतात. अशा धावपटूसाठी सोमवारचा योग्य व्यायाम म्हणजे 20 ते 40 मिनिटांचे चालणे. मुरलेल्या धावपटूला संथ धावणे चालेल. पण पाय दुखत असतील, तर प्रत्येक पावलाला जमिनीचा दणका बसणार नाही असे पोहणे किंवा सायकल त्यालाही बरी.

घड्याळ नसेल तर बोलून पाहावे. शेजारच्याशी सलग गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागता कामा नये. दहापैकी कष्ट दोन-तीनच वाटले पाहिजेत. संपल्यावर पाय आधीपेक्षा जड वाटले, किंवा मंगळवारच्या ठरलेल्या वेगवान धावण्यात नेहमीचा वेग गाठता आला नाही, तर सोमवारी बहुधा जास्त झाले असे समजावे.

ताप असेल, एकाच जागी टोचल्यासारखे दुखत असेल, पाय लंगडत असेल किंवा सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा बरीच जलद असेल, तर हलका व्यायामही करू नये. त्या दिवशी पूर्ण विश्रांतीच घ्यावी.