पैसे येताना पिन लागत नाही

दूध संस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला, लाभांश जाहीर झाला, की मोबाइलवरच्या व्यवहारांविषयी बोलायला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. तेवढ्यात अ‍ॅप कसं उघडायचं हे सांगत बसू नये. ते घरातली मुलं शिकवतात. सभासदांच्या मनात एकच गोष्ट पक्की बसवावी. यूपीआयचा पिन खात्यातून पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही.

नुसतं वाक्य ऐकून माणूस सावध होत नाही, म्हणून प्रसंग मांडावा. समजा, एका सभासदानं म्हैस विकायला काढली आणि तिचा फोटो मोबाइलवर टाकला. किंमत 80,000 रुपये. संध्याकाळी अनोळखी फोन येतो. समोरचा घासाघीस करत नाही, वेत विचारत नाही, धार काढून बघायचं नावही घेत नाही. संशय इथेच यायला हवा, कारण जनावर न बघता इतका मोठा सौदा कोण करतं? तो म्हणतो, "इसार म्हणून 5,000 पाठवतो. क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील."

क्यूआर म्हणजे ज्याला पैसे द्यायचे त्याच्या खात्याचा पत्ता. तो स्कॅन केला की पडद्यावर त्या माणसाचं नाव येतं आणि खाली रक्कम. म्हणजे देणारे आपण झालो! पिन टाकताच 5,000 रुपये जातात. मग तो म्हणतो, "चुकून उलटं झालं, पुन्हा स्कॅन करा, दोन्ही रकमा परत येतील." घाबरलेला माणूस पुन्हा पिन टाकतो आणि आणखी 5,000 जातात. पिन मागणारा पडदा दिसला की आधी वरचं नाव मोठ्यानं वाचा, हे सभेत दोनदा सांगावं.

दुधाचं बिल ज्या खात्यात जमा होतं, ते शक्यतो यूपीआयला जोडू नये. दुसऱ्या खात्यात खर्चापुरते पैसे ठेवून तेच जोडावं. मग फसवणूक झालीच, तरी सगळी पुंजी जात नाही.

पैसे गेलेच तर लाजेपोटी रात्र घालवू नये. लगेच 1930 वर फोन करावा, बँकेलाही कळवावं. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक अ‍ॅपमध्ये दिसतो, तो हाताशी ठेवावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्यानं फिरवतात. ते काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर रक्कम खात्यातच रोखता येते. सभासदांना हेही स्पष्ट सांगावं, की पिन आपणच टाकला असेल तर बँक भरपाई देईलच असं नाही. कळवण्याआधी झालेलं नुकसान बहुधा आपल्यालाच सोसावं लागतं.