रेघ पुढे, निवेदन मागे

नांदेड–लातूर रस्त्याचा हलता नकाशा पाहा. रेघ नांदेडहून निघते, आणि निवेदन म्हणतं, ‘लातूरच्या आधी चाकूर, त्याआधी अहमदपूर लागतं.’ कान लातूरला, डोळे अजून गोदावरीच्या पुलावर! प्रेक्षक नेमका इथेच गोंधळतो.

वाक्य रेघेच्या क्रमाने फिरवावं: ‘नांदेडहून निघून गोदावरी ओलांडली, की पुढे लोहा, मग अहमदपूर, चाकूर आणि लातूर.’ गावाचा ठिपका उजळतो, त्याच क्षणी नाव कानावर पडावं. नाव आधीच येत असेल, तर तिथे थोडं थांबावं. आवाज भरभर पळवू नये.

‘डावीकडे’ हा शब्द तर टाळावाच. उत्तर वर असलेल्या नकाशावर दक्षिणेला उतरणाऱ्या प्रवाशाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे दिसते. तिथे सरळ ‘पूर्वेला’ म्हणावं.