चार महिन्यांत सोडलेली नोकरी

चार-पाच महिन्यांत नोकरी सोडली की हमखास सल्ला मिळतो, ‘बायोडेटात ती टाकूच नकोस.’ हा सल्ला मुळीच ऐकू नये. पीएफ कापला गेला असेल, तर त्या नोकरीची नोंद तुमच्या यूएएनखाली राहते. कंपनी बदलली तरी यूएएन तोच असतो. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीखही तिथे दिसते, आणि ऑफरनंतरच्या पडताळणीत बऱ्याच कंपन्या ही माहिती मागतात. लपवलेली नोकरी तेव्हा उघडकीला आली, तर ती का सोडली हे कोणी विचारत नाही. खोटं बोललात, एवढंच उरतं.

समजा, चाकणच्या कारखान्यात एकाला क्वालिटी इंजिनीअर म्हणून घेतलं आणि प्रॉडक्शनच्या रात्रपाळीवर टाकलं. मुलाखतीत तो म्हणतो, ‘तिथलं वातावरण बरोबर नव्हतं.’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही, उलट उद्या आपल्याबद्दलही हा असंच बोलेल अशी शंका मात्र येते. त्याने असं सांगावं: ‘नेमणूक क्वालिटीत होती, दुसऱ्या महिन्यापासून काम प्रॉडक्शनचं मिळालं. साहेबांशी दोनदा बोललो. क्वालिटीत जागा निघणार नाही हे स्पष्ट झाल्यावर नोटीस पूर्ण करून निघालो. त्याआधी तीन वर्षं एकाच कंपनीत इन्स्पेक्शन पाहत होतो.’

एवढं बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही. कोणाला नावं ठेवलेली नाहीत, पद नेमणूकपत्रावर तपासता येतं आणि मार्ग काढायचा प्रयत्न केल्याचंही कळतं. तीन वर्षांचा उल्लेख तर सगळ्यात मोलाचा, कारण टिकून राहतो हे त्याने दाखवून दिलंय. मग त्याने स्वतःहून विचारावं, ‘इथे या पदावरच्या माणसाचा दिवस कसा जातो?’ मागचा अनुभव लक्षात ठेवून हा नोकरी पारखून घेतोय, हे त्या प्रश्नातून दिसतं.

ठरावीक मुदतीची कामं केली असतील तर बायोडेटात प्रत्येकापुढे ‘कंत्राटी, सहा महिने’ असं लिहावं. नाहीतर वाचणाऱ्याला ती सोडलेल्या नोकऱ्यांची रांग वाटते. कायमच्या तीन नोकऱ्या वर्षाच्या आत सोडल्या असतील, तर प्रत्येक वेळी वेगळी कंपनी दोषी ठरवणं पचत नाही. घाईत ऑफर स्वीकारली असेल तर तसं एकदाच सांगावं, आणि या वेळी काय तपासून आलात ते बोलावं. तरीही काही दारं बंदच राहतील, हे धरून चालावं.

मुलाखतीआधी ईपीएफओच्या पोर्टलवर आपली नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का ते पाहावं. जुन्या कंपनीने ती भरली नसेल तर शेवटच्या पीएफ भरण्यानंतर दोन महिन्यांनी Mark Exit मधून आपल्याला भरता येते. नोंद तशीच राहिली तर कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसता.