पाच नकार, एकच ‘नाही’

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह कृष्णवर्णीय मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत होते. कबुतरांच्या खुराड्यांचा विषय निघाला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “इट एन्ट नो कॅट कान्ट गेट इन नो कूप.” शाळेत शिकलेल्या इंग्रजीने हे वाक्य सोडवू पाहणारा माणूस गोंधळतो. ‘एन्ट’ एक, ‘नो’ दोन, ‘कान्ट’ तीन आणि पुन्हा ‘नो’ चार. ‘ज्या मांजराला कुठल्याच खुराड्यात शिरता येत नाही असं मांजरच नाही’, म्हणजे प्रत्येक मांजर कुठल्या ना कुठल्या खुराड्यात शिरतं, असा अर्थ तो काढतो. मुलाला नेमकं उलट सांगायचं होतं: एकही मांजर कुठल्याही खुराड्यात शिरू शकत नाही. त्याच्या सोबत्यांना ते लगेच कळलं.

१९७२ साली लबॉव्ह यांनी या वाक्याची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. या मुलांचं बोलणं म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. लबॉव्ह यांनी दाखवलं, की त्या बोलीला स्वतःचे नियम आहेत आणि ते काटेकोर आहेत. वाक्य नकारार्थी असलं, की त्यातल्या ‘कोणी’, ‘काही’, ‘कुठला’ अशा अनिश्चित शब्दांनाही नकाराचं रूप घ्यावं लागतं. नकार एकच असतो, तो फक्त अनेक ठिकाणी उमटतो.

भाषाशास्त्रात याला नकारांचा मेळ म्हणता येईल. तो समजायला मराठी माणसाला दूर जावं लागत नाही. ‘माझी धाकटी मुलगी शाळेत गेली’ या वाक्यात स्त्रीलिंग चार शब्दांवर दिसतं: माझी, धाकटी, मुलगी, गेली. म्हणून चार मुली शाळेत गेल्या असं कोणी समजत नाही. मुलगी एकच आहे, बाकीचे शब्द तिच्याशी जुळवून घेतात. हार्लेमच्या मुलाच्या वाक्यातही हेच घडतं. आपण लिंग-वचनाचा मेळ घालतो, त्याची बोली नकाराचा घालते.

‘दोन नकारांचा होकार होतो’ हा शाळेत ऐकलेला नियम इथे लागूच पडत नाही, कारण तो गणितातून आला आहे. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे आकड्यांपुरतं खरं. भाषेत तसंच असतं, तर रशियन लोकांचं बोलणंच अशक्य झालं असतं. ‘कोणी कधी कोणाला काही सांगितलं नाही’ हे रशियनमध्ये सांगायचं तर म्हणतात: ‘निक्तो निकग्दा निकमू निचेवो न्ये गवरील.’ शब्दशः पाहिलं तर ‘कोणी-नाही’, ‘कधी-नाही’, ‘कोणाला-नाही’, ‘काही-नाही’ आणि मग क्रियापदाआधीचं ‘न्ये’, म्हणजे ‘नाही’. पाच नकार झाले. यातला ‘निकग्दा’ काढला तर चार उरतात. गणिताच्या हिशेबाने पाचांचा अर्थ नकार आणि चारांचा होकार व्हायला हवा. प्रत्यक्षात ‘कधी’ तेवढं गळतं, नकार जिथल्या तिथे राहतो. उलट ‘न्ये’ गाळलं तर मात्र वाक्य चुकतं.

इटालियनचा कायदा थोडा निराळा आहे. ‘कोणी आलं नाही’ हे ‘नॉन ए वेनुतो नेस्सूनो’ असं म्हटलं, तर ‘नॉन’ आणि ‘नेस्सूनो’ असे दोन नकार हवेतच. पण ‘नेस्सूनो’ क्रियापदाच्या आधी आणलं, तर ‘नेस्सूनो ए वेनुतो’ एवढ्यावर भागतं, ‘नॉन’ लागत नाही. क्रियापदापर्यंत पोचण्याआधी नकार एकदा ऐकू आला पाहिजे, एवढाच इटालियनचा आग्रह.

मग मराठीचं काय? ‘कोणीही कधीही काहीही सांगितलं नाही’ यातही शब्द बरेच आहेत, पण नकार किती? हे तपासायची एक सोपी पद्धत अभ्यासक वापरतात. प्रश्न विचारायचा आणि उत्तरात तो एकच शब्द ठेवायचा. ‘कोण आलं?’ या प्रश्नाला रशियन माणूस नुसतं ‘निक्तो’ म्हणू शकतो, इटालियन माणूस नुसतं ‘नेस्सूनो’. दोन्हींचा अर्थ ‘कोणी नाही’. मराठीत नुसतं ‘कोणीही’ म्हणून बघा. उत्तर लागत नाही. ‘कोणीच नाही’ असं म्हणावंच लागतं. म्हणजे आपल्या ‘कोणीही’, ‘काहीच’, ‘कधीच’ या शब्दांच्या पोटात नकार नाही. सगळा भार एकट्या ‘नाही’वर आहे. त्यामुळे मराठीत रशियनसारखा मेळ होत नाही, आणि खरोखर दोन नकार आले तर ते एकमेकांना खोडतात. ‘तो आल्याशिवाय राहणार नाही’ म्हणजे तो येणारच. ‘मला माहीत नाही असं नाही’ म्हणजे माहीत आहे, फक्त सांगायची तयारी नाही.

मेळालाही मर्यादा असते. रशियनमध्ये तो सहसा एका उपवाक्याच्या आत चालतो. ‘कोणी आलं नाही, असं मी म्हटलं नाही’ या वाक्यात दोन उपवाक्यं आहेत, दोघांचे नकार वेगळे, आणि रशियनमध्येही ते मराठीसारखेच वेगवेगळे मोजले जातात. हार्लेममधल्या वाक्याने लबॉव्ह थबकले ते याच कारणाने. तिथे ‘एन्ट’ एका उपवाक्यात आहे आणि ‘कान्ट’ पुढच्या, तरीही दोघांचा नकार एकच.

ही बोली इंग्रजीची वाट चुकलेली नाही, इंग्रजीच्या जुन्या वाटेवर असे नकार पावलोपावली भेटतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात एका सरदाराचं वर्णन केलं. त्याने आयुष्यात कोणालाही कधी वावगा शब्द वापरला नाही, हे सांगायला चॉसर एकाच वाक्यात चार नकार घालतो. त्याच्या वाचकांना ते मुळीच खटकलं नसणार, कारण तीच तेव्हाची रीत होती.

पुढे ही रीत मागे पडली. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या खाजगी पत्रांच्या अभ्यासातून दिसतं, की शिकल्यासवरल्या, पेशेवाईक पुरुषांनी ती आधी सोडली. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं व्याकरण निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या झाल्या. दोन नकार एकमेकांना नष्ट करतात, हा नियम त्याने सर्वदूर नेला. नकारांचा मेळ लाउथने संपवला असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते खरं नाही. सभ्य लिखाणातून तो आधीच ओसरला होता. नियमाने एवढंच केलं, की जे खेड्यांत, गिरण्यांत, बंदरांवर आणि मळ्यांत तसंच बोलत राहिले, त्यांच्या बोलण्यावर अडाणीपणाचा शिक्का बसला. दोनशे वर्षांनी तोच शिक्का हार्लेमच्या वर्गांत मुलांच्या उत्तरांवर मारला जात होता, तेही त्यांच्या घरचं बोलणं नियमबद्ध असताना.

मराठी मुलांनाही इंग्रजी शिकताना याची ठेच लागू शकते. ‘कोणीही आलं नाही’ हे डोक्यात धरून मूल ‘नोबडी डिड नॉट कम’ लिहितं. शालेय इंग्रजीत ‘नोबडी’च्या पोटात नकार आधीच आहे, त्यामुळे वाक्याचा अर्थ ‘सगळे आले’ असा होऊन बसतो. हेच मूल पुढे रशियन शिकू लागलं, तर मराठी वाक्याचा शब्दामागून शब्द घेऊन ‘निक्तो न्ये प्रिशोल’ म्हणेल आणि बरोबर ठरेल. तिथे चुकेल तो इंग्रजीच्या सवयीने ‘न्ये’ गाळणारा.