फोटोवरून पीएच ओळखताना माझी चूक कुठे झाली?

गेल्या हंगामात मामांचा संध्याकाळी साडेसहाला व्हॉट्सॲपवर फोटो आला. तळहातावर ठेवलेली ओली पीएच पट्टी, वर मोटारीच्या खोलीतला पिवळा बल्ब. खाली मेसेज: "बघ बरं किती आला. अ‍ॅसिड अजून सोडायचं का?"

मामांची हळद हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात आहे. गादीवाफ्यावर लागवड आणि ठिबक. विहिरीचं पाणी जड, म्हणजे क्षार भरपूर. ते क्षार ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे जमतात आणि थेंब पडायचे थांबतात. त्यावर उपाय म्हणून व्हेंचुरीतून थोडं अ‍ॅसिड सोडतात. शेवटच्या लॅटरलच्या टोकाला येणाऱ्या पाण्याचा पीएच साधारण 4 झाला की काही वेळ तसंच ठेवून नंतर नळ्या धुऊन काढायच्या. पीएच 5 किंवा 6 च्या वरच राहिला तर क्षार नीट विरघळत नाहीत. फार खाली गेला तर मुळांना आणि धातूच्या फिटिंगला त्रास. त्यामुळे "4 आहे की 5" हा प्रश्न मामांसाठी अगदी खराखुरा होता.

मी फोटो मोठा करून पाहिला. पट्टीच्या पुस्तिकेतल्या रंगतक्त्याचा त्यांनी मागे पाठवलेला फोटो शेजारी उघडला आणि छातीठोकपणे लिहिलं, "5 आहे, अजून सोडा."

मामांचं उत्तर: "मला तर चारच दिसायलाय. थांबतो सकाळपर्यंत." नशीब, थांबले. आणि जाण्याआधी शेवटच्या ड्रिपरचं पाणी एका बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवलं. काठोकाठ यासाठी की अ‍ॅसिड घातलेल्या जड पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडत राहतो, आणि तो उडाला की पीएच हळूहळू वर चढतो.

आता चूक कुठे झाली ते पाहू. मामा पट्टी पुस्तिकेला टेकवून, दोन्ही एकाच उजेडात बघत होते. मी दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या उजेडात काढलेले दोन फोटो जुळवत होतो. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग स्वतःच्या अंदाजाने दुरुस्त करतो. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. "या दृश्यातला पांढरा रंग कसा दिसायला हवा?" हे तो ठरवतो आणि त्यानुसार लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग कमी-जास्त करतो. मामांच्या फोटोत पिवळा बल्ब, गव्हाळ तळहात आणि नारिंगी पट्टी, सगळंच पिवळसर. फोनला वाटलं उजेडच फार पिवळा आहे, म्हणून त्याने लाल ओढून घेतला आणि निळा वाढवला. नारिंगी पट्टी पिवळ्याकडे सरकली. युनिव्हर्सल पट्टीवर नारिंगीकडून पिवळ्याकडे जाणं म्हणजेच पीएच 4 कडून 6 कडे जाणं. म्हणजे कॅमेऱ्याची "दुरुस्ती" नेमकी मला चुकवणाऱ्या दिशेने झाली.

जाता जाता: हळद स्वतःसुद्धा सूचक आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो, तो याचमुळे. पण आम्लाच्या बाजूला ती पिवळीच राहते, त्यामुळे आपल्या कामाला उपयोग नाही. युनिव्हर्सल पट्टीत मिथाइल रेड, ब्रोमोथायमॉल ब्लू, थायमॉल ब्लू असे कितीतरी रंग एकत्र असतात. त्यातला मिथाइल रेड साधारण 4.4 ते 6.2 च्या दरम्यान लालाचा पिवळा होतो, आणि आपला प्रश्न याच भागातला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा फोटो काढायला सांगितला, पण या वेळी पद्धत ठरवून. खोलीच्या बाहेर, सावलीत, उघड्या आकाशाच्या उजेडात. निळी ताडपत्री किंवा हिरवी शेडनेट डोक्यावर नको, नाहीतर तोच रंग सगळ्यावर पडतो. पांढऱ्या कागदावर पुस्तिका उघडून ठेवायची. बाटलीतल्या पाण्यात पट्टी बुडवून लगेच बाहेर काढायची, झटकायची आणि तक्त्याच्या चौकोनांना अगदी खेटून ठेवायची. पाकिटावर लिहिलेल्या सेकंदांतच फोटो घ्यायचा, कारण पट्टी वाळली की रंग बदलतो. फ्लॅश बंद, नाइट मोड बंद, फिल्टर नाही. फोन सरळ वरून धरायचा, पण आपली सावली पडू द्यायची नाही आणि पुस्तिकेचं प्लास्टिक चमकायला नको. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतो आणि बारीक पट्टीच्या कडेचे रंग एकमेकांत मिसळतात.

खेटून ठेवायला का सांगितलं? तक्ता आणि पट्टी एकाच फोटोत असले की कॅमेऱ्याची चूक दोघांवर सारखीच होते आणि तुलना टिकते. पण हल्लीचे फोन एकाच फोटोचा एक कोपरा उजळ आणि दुसरा गडद करतात. म्हणून एका टोकाला तक्ता आणि दुसऱ्या टोकाला पट्टी असं चालत नाही.

फोटो मी लॅपटॉपवर पेंटमध्ये उघडला, कलर पिकरने पट्टीवर पाच ठिकाणी टिचकी मारली आणि मधला आकडा घेतला. (कागदाचे धागे असतात, एकाच ठिकाणचा आकडा धरू नका.) पट्टीचे लाल, हिरवा, निळा असे आकडे आले 190, 121, 54. तक्त्यावर पीएच 3 चा चौकोन 214, 96, 58. पीएच 4 चा 221, 128, 56. पीएच 5 चा 224, 160, 62.

इथे मी आणखी एक चूक करणार होतो. आम्हा प्रोग्रामर लोकांचा पहिला विचार असतो की तिन्ही आकड्यांतलं अंतर काढायचं आणि सर्वांत जवळचा चौकोन निवडायचा. ते काढलं तर पीएच 4 पासून अंतर 32 आणि पीएच 3 पासून 35, म्हणजे जवळजवळ बरोबरी! कारण पट्टी ओली आहे. ओला कागद गडद दिसतो, म्हणून तिन्ही आकडे खाली येतात आणि ती उगाच लालाच्या जवळची वाटते. आपल्याला रंग किती गडद आहे ते नको, तो कोणता आहे ते हवं. त्यासाठी ह्यू वापरायचा. रंगांचं एक गोल चक्र समजा: लाल 0 अंशावर, पिवळा 60 वर, हिरवा 120 वर. पायथनमध्ये एवढंच लागतं:

```python
import colorsys
r, g, b = 190, 121, 54
h, s, v = colorsys.rgb_to_hsv(r/255, g/255, b/255)
print(round(h * 360, 1))
```

पट्टीचा ह्यू आला 29.6 अंश. तक्त्यावर पीएच 3 चा 14.6, पीएच 4 चा 26.2, पीएच 5 चा 36.3. म्हणजे पट्टी 4 आणि 5 च्या मधे, पण 4 ला बरीच जवळ. मामा बरोबर होते. गंमत म्हणून आदल्या संध्याकाळचा फोटोही मोजला: 168, 128, 68, म्हणजे ह्यू 36.0. अगदी पीएच 5 च्या चौकोनावर! पाणी तेच, पट्टी त्याच पाकिटातली, फरक फक्त बल्बाचा, तळहाताचा आणि फोनच्या हुशारीचा.

हिशेब करून "पीएच 4.3" असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. तक्त्याची पायरी एकेका अंकाची आहे, छपाईत फरक असतो, आणि ह्यू त्या पायऱ्यांमधे सरळ रेषेत वाढतो असंही नाही. "4 च्या आसपास" एवढंच म्हणता येतं, आणि ठिबकच्या कामाला तेवढं पुरतं.

एक अडचण मात्र एकाच फोटोनेही सुटत नाही. तक्ता छापखान्याच्या शाईचा आहे, पट्टीवरचा रंग रसायनाचा. दोन्ही दिवसाच्या उजेडात सारखे दिसले तरी स्वस्त एलईडीखाली वेगळे दिसू शकतात, कारण त्या बल्बाच्या उजेडात काही रंग कमीच असतात आणि शाई व रसायन त्यांना सारखा प्रतिसाद देत नाहीत. ही चूक व्हाइट बॅलन्सने सुधारत नाही. शंका आली तर तीच ओली पट्टी खोलीत आणि बाहेर अशी दोनदा, पटापट टिपा. उत्तर बदललं तर बाहेरचं धरा.

ह्यूची पद्धतही सगळीकडे चालत नाही. पीएच 1-2 ला रंग लाल असतो, तिथे चक्रावर 0 आणि 359 शेजारी-शेजारी येतात आणि साधी वजाबाकी फसते. वरच्या टोकाला, गडद जांभळ्याजवळ, रंग इतका काळपट होतो की ह्यूचा आकडा उड्या मारतो.

आपली पद्धत बरोबर आहे का हे घरीच तपासता येतं. खायच्या सोड्याचं ताजं द्रावण साधारण 8 च्या थोडं वर यायला हवं, लिंबाचा रस 2 ते 3 च्या दरम्यान. यांतलं एकही जुळलं नाही तर पट्ट्या जुन्या झाल्यात किंवा दमट हवेत उघड्या राहिल्यात.

मामांनी मग 3.5 ते 6 एवढ्याच टप्प्याची पट्टी मागवली. तिच्यात पायऱ्या बारीक आणि शेजारच्या रंगांत फरक जास्त, त्यामुळे आता लॅपटॉपची गरजच पडत नाही. अ‍ॅसिडचा अंदाजही ते आधी बादलीत घेतात: मोजलेलं पाणी, त्यात मोजून थोडं थोडं अ‍ॅसिड, हातमोजे आणि चष्मा घालून. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. फोटो अजूनही येतात, पुस्तिकेला खेटलेल्या पट्टीचे, दिवसाउजेडी काढलेले. खाली आता प्रश्न नसतो, फक्त आकडा असतो.