वर्षाच्या मध्यात फीवाढ? आधी इतिवृत्त मागा

दिवाळीची सुट्टी संपते आणि मुलाच्या दप्तरातून शाळेचं परिपत्रक निघतं. समजा, जूनमध्ये ठरलेली वार्षिक फी ६०,००० रुपये होती. आता विकास निधी ४,००० आणि 'वार्षिक शुल्क' ३,००० रुपये मागितलं आहे. बसचे महिना १,८०० रुपये होते, ते डिसेंबरपासून २,३०० होणार. मार्चपर्यंतचा हा जादा भार ९,००० रुपयांचा.

महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित शाळांना, मग त्या कोणत्याही बोर्डाच्या असोत, २०११चा शुल्क विनियमन कायदा लागू आहे. शाळा कोणत्याही नावाने पैसे घेवो, कायदा ती रक्कम फीच मानतो. फीचा प्रस्ताव शाळेने पुढचं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने ठरवलेली फी दोन वर्षं कायम राहते. त्यामुळे डिसेंबरातल्या सात हजारांबद्दल पहिला प्रश्न सरळ आहे: कार्यकारी समितीच्या कोणत्या बैठकीत हे मंजूर झालं? त्या बैठकीचं इतिवृत्त दाखवा. यातले पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात आणि समितीची यादी शाळेच्या सूचनाफलकावर लावायची असते. यादीत कोण आहे हे एकाही पालकाला माहीत नसेल, तर समिती कागदावरच असण्याची शक्यता मोठी.

बसचा हिशेब वेगळा. राज्याच्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो आणि बसभाडं व थांबे हा तिचा विषय आहे. 'डिझेल महागलं' हे कारण खरंही असेल, पण त्यावर समितीत चर्चा झाली का आणि पाचशेचा आकडा कसा निघाला, हे विचारता येतं.

प्रश्न तोंडी विचारू नका. मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. मंजूर फी मात्र वेळेवर भरा आणि पावतीवर प्रत्येक रक्कम स्वतंत्र लिहून घ्या, म्हणजे शाळेला तुम्हाला थकबाकीदार म्हणता येणार नाही. उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाण्यासाठी मात्र एकट्याची सही पुरत नाही. २०१८च्या दुरुस्तीने त्यासाठी किमान २५ टक्के पालकांची अट घातली. आठशे मुलांच्या शाळेत म्हणजे साधारण दोनशे सह्या. वर्गावर्गातून त्या गोळा करायला वेळ लागतो, म्हणून परिपत्रक हातात पडताच त्या कामाला लागा.